सोसायटीला पार्किंगच्या नियमासाठी पत्र लिहायचंय, त्यात काय मागू?

प्रश्न: जुळे सोलापुरात 24 फ्लॅटची सोसायटी आहे आमची, बिल्डिंग 2012 ची. गाड्या लावायला 16 जागा आखलेल्यात, 12 खाली स्टिल्टमध्ये आणि 4 उघड्यावर. तीन घरांकडे दोन-दोन जागा आहेत आणि आम्ही आठ घरं रस्त्यावर गाडी लावतो. चेअरमन म्हणतात जो आधी आला त्याची जागा, काही जणांकडे बिल्डरची चिठ्ठी पण आहे. भांडण करायचं नाही ओ, पण सगळ्यांना सारखा नियम पाहिजे. पत्र कसं लिहू, त्यात काय मागू?

उत्तर:

पत्रात स्वतःसाठी जागा मागू नका. मी बरीच वर्षं सोसायट्यांची दप्तरं आणि सभांची कामं बघतोय, त्यात पार्किंगची पत्रं ढिगाने येतात आणि बहुतेक पत्रांत एकच असतं, मला जागा द्या, माझी गाडी उन्हात तापते, अमक्याला दोन का दिल्या. असं पत्र कमिटीला फार सोयीचं पडतं, कारण त्याला “सध्या जागा शिल्लक नाही” एवढं एका ओळीचं उत्तर पुरतं आणि वर तुम्हीच कटकटे ठरता. नियम मागितला की तसं उत्तर देता येत नाही, कारण नियम करणं कमिटीच्या हातातच नाही, ते काम जनरल बॉडीचं, म्हणजे सगळ्या सभासदांच्या सभेचं. सहकार खात्याच्या आदर्श बायलॉजमध्ये, म्हणजे उपविधींमध्ये, पार्किंगची कलमं 78 च्या पुढे आहेत, तिथे सरळ लिहिलंय की पार्किंगचे नियम सभेने करायचे आणि कमिटीने त्याप्रमाणे वाटप करायचं. तुमच्या सोसायटीने जुने बायलॉज ठेवले असतील तर नंबर वेगळे निघतील, म्हणून पत्रात नंबर टाकायच्या आधी तुमच्याच नोंदणी झालेल्या बायलॉजची कॉपी उघडून बघा, नेटवरची नको.

त्याच्याही आधी एक बघून घ्या. गेटवर अपार्टमेंट लिहिलंय म्हणून सोसायटी नसते असं नाही आणि आपण सोसायटी म्हणतो म्हणून ती असतेच असंही नाही. सोलापुरात बऱ्याच इमारती 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत, तिथे घोषणापत्र म्हणजे डिक्लेरेशन बघावं लागतं आणि पार्किंग कुणाच्या वापराला दिलंय ते त्यात लिहिलेलं असू शकतं. तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट आहे आणि सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून रजिस्ट्रेशन नंबर आहे असं धरून मी पुढचं लिहितोय.

आता चेअरमनसाहेबांचं “जो आधी आला त्याची”. हे त्यांनी हवेतून काढलेलं नाही, बायलॉजमध्ये ते आहे, पण अर्धंच सांगतायत. आधी येईल त्याला आधी हा नियम न विकलेल्या, न वाटलेल्या, मोकळ्या जागांसाठी आहे आणि त्यात “आधी” म्हणजे आधी अर्ज केला तो, 2012 ला आधी राहायला आला तो नव्हे. तो चालतो तोवरच, जोवर जागा पुरतात. त्याच प्रकरणात पुढे लिहिलंय की गाड्या जागांपेक्षा जास्त झाल्या तर सोडत काढायची, चिठ्ठ्या टाकून, वर्षाच्या मुदतीने, सभेने ठरवलेल्या पद्धतीने. आणि दुसऱ्या जागेबद्दल तर एकदम स्पष्ट आहे, एका सभासदाला साधारण एकच, मागणारं कुणी नसेल तरच दुसरी-तिसरी, तीही वर्षापुरती, आणि एकही जागा न मिळालेला सभासद मागायला आला की ती सोडायची. म्हणजे तीन घरांकडच्या दुसऱ्या जागांबद्दल तुम्हाला कुणाचं नाव घेऊन तक्रार करायची गरजच नाही, कलम उतरवून द्यायचं, बस.

बिल्डरच्या चिठ्ठीचं जरा सावकाश बघू, कारण सभा इथेच फिसकटते. बिल्डिंग 2012 ची म्हणजे बिल्डरांवरच्या रेरा कायद्याच्या आधीची, तिथे फ्लॅटच्या बांधणी-विक्रीचा 1963 चा मोफा कायदा लागतो. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या केसमध्ये सांगितलं की स्टिल्ट किंवा उघडं पार्किंग हा फ्लॅट नाही, ते बिल्डरला वेगळं विकता येत नाही, ती सगळ्यांची सामाईक जागा. त्यामुळे बिल्डरच्या लेटरहेडवर “स्टिल्ट नंबर 7 देण्यात आला” असं लिहून सही ठोकलेली असली तरी त्याने सोसायटीवर बंधन येत नाही. रेरा आल्यानंतरच्या प्रोजेक्टात मात्र गणित वेगळं आहे, तिथे उघडी जागा विकता येत नाहीच, पण स्टिल्ट, बेसमेंट अशी झाकलेली जागा नोंदणीकृत करारात लिहून विकता येते, आणि ती विकलेली असेल तर सोडतीत ओढता येत नाही. तुमच्या शेजारच्या नव्या बिल्डिंगवाला “आमच्यात तर विकत दिलंय की” म्हणाला तर तो त्याच्या जागी बरोबर असू शकतो, त्याचं उदाहरण तुमच्या सभेत चालणार नाही एवढंच.

पण हा मुद्दा पत्रात हातोड्यासारखा वापरू नका. ज्यांनी तेव्हा पन्नास हजार, लाख रुपये मोजलेत त्यांचे पैसे खरोखर गेलेत, आणि ते तुम्हाला मत देणारे शेजारी आहेत. पत्रात इतकंच मागायचं की ज्यांच्याकडे पार्किंगचा काही कागद आहे त्यांनी तो सोसायटीकडे जमा करावा आणि तो सभेपुढे ठेवावा. नोंदणीकृत करारात एखादी बंदिस्त गॅरेजसारखी जागा असेल तर तिचा विचार वेगळा होईल, साधी चिठ्ठी असेल तर ती आपोआप बाजूला पडते. वाचून दाखवायचं काम सेक्रेटरीला करू द्या.

आता आकडे मांडू, कारण पत्राचा खरा जोर तिथे आहे. 16 जागा, त्या 13 घरांकडे (दहा घरांकडे एक-एक, तिघांकडे दोन-दोन). आठ घरं बाहेर. म्हणजे गाडी असलेली घरं 21 झाली आणि तीन घरांकडे चारचाकी नाही. पहिल्या फेरीत घराला एक जागा धरली तर 21 घरांना 16 जागा, पाच घरं बाहेर. नुसत्या दुसऱ्या जागा मोकळ्या झाल्या की आठाचे पाच होतात. त्या पाचांची पाळी दरवर्षी फिरली तर चार वर्षांत वीस घरांची एकेक पाळी होते, म्हणजे कुठल्याही घराला साधारण चार वर्षांत एकच वर्ष गाडी बाहेर लावावी लागेल. आज आठ घरं कायमची बाहेर आहेत. हे दोन आकडे पत्रात शेजारी-शेजारी ठेवा, त्यावर भाष्य करू नका.

आणि इथेच एक अडचण आहे जी कुणी सांगत नाही. 24 मतांपैकी 13 मतं आज जागा असलेल्यांची आहेत. सभेत साध्या बहुमताने ठराव होतो, हजर असलेल्यांच्या, त्यामुळे “सगळ्यांची सोडत काढा” म्हणून उभे राहिलात तर तेरा हात विरोधात वर जातील आणि विषय दोन वर्षं झोपेल. तुम्हाला त्या दहा एक-जागावाल्यांपैकी निदान तिघं-चौघं पाहिजेत. त्यांना काय मिळतं ते पत्रात दिसलं पाहिजे. एक तर त्यांच्याकडे आज सोसायटीचा कुठलाच ठोस कागद नाही, उद्या कमिटी बदलली की त्यांचीही जागा हलू शकते, नियम झाला की निदान वर्षभर ती त्यांच्या नावावर लेखी राहते. दुसरं म्हणजे बाहेर राहण्याची पाळी जितकी कमी तितका विरोध कमी, आणि ती कमी करायचा मार्ग जागा वाढवण्यात आहे.

म्हणून पत्र लिहायच्या आधी एका रविवारी टेप घेऊन खाली उतरा. बांधकाम नियमावलीत चारचाकीची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात, दुचाकीची एक बाय दोन. बहुतेक स्टिल्टमध्ये दुचाक्या जिथे मिळेल तिथे तिरक्या लावलेल्या असतात, कोपऱ्यात कुणाचा मोडका दिवाण, बंद पडलेली मोपेड, बांधकामातल्या उरलेल्या फरशा. एका गाडीच्या पाच मीटर लांबीत दुचाक्या ओळीने लावल्या तर पाच बसतात. त्यांना भिंतीलगत एक पट्टा आखून दिला आणि भंगार काढलं की एखाद-दुसरी चारचाकीची जागा निघते असा माझा अनुभव आहे, प्रत्येक ठिकाणी नाही, पण निघते. दोन निघाल्या तर जागा 18, बाहेर राहणारी घरं तीन, आणि 21 घरांत तीनची पाळी म्हणजे सात वर्षांत एकदा. सात वर्षांत एकदा म्हटल्यावर माणूस हात वर करायला तयार होतो. ज्या घरांत दोन गाड्या आहेत त्यांना कॉलमच्या मागे-पुढे दोन गाड्या बसणारी लांब जागा असेल तर ती देता येते का बघा, त्यांच्याच दोन गाड्या असल्यामुळे काढा-घालायचं भांडण घरातच मिटतं आणि इतर कुणाची जागा जात नाही.

मोजताना एक सांभाळा. महापालिकेच्या मंजूर नकाशात जिथे पार्किंग दाखवलंय तिथेच आखायचं, बाजूच्या मोकळ्या अंतरात किंवा जिन्याच्या तोंडाशी नाही. आणि आपल्या सोलापूरची खास गोष्ट म्हणजे टँकर. नळाला पाणी काही दिवसांआड, उन्हाळ्यात टँकर बोलवावा लागतो आणि तो हौदापाशी मागे घ्यायला वाट लागते. टँकरच्या वाटेत जागा आखली तर मार्चमध्ये झालेला ठराव मे महिन्यात मोडतो, रात्री अकराला टँकर हॉर्न वाजवतोय आणि गाडीवाला फोन उचलत नाही. हौदाचं झाकण आणि टँकरची वाट आधी सोडा, मग उरलेलं मोजा. नकाशा तुमच्याकडे नसेल तर सोसायटीच्या दप्तरात मागा, तिथेही नसेल तर महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागातून माहिती अधिकारात मिळवता येतो.

पत्र असं लिहा. भाषा थोडी सरकारी ठेवलीय, ती तशीच राहू द्या, कारण हे पत्र उद्या चौथ्या माणसाच्या टेबलावर जाऊ शकतं.

“प्रति, मा. सचिव, (संस्थेचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक), जुळे सोलापूर. प्रत मा. अध्यक्ष यांना.

विषय: वाहनतळ वाटपाचा लेखी नियम करण्याचा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याबाबत.

महोदय, मी फ्लॅट क्र. ... चा/ची सभासद आहे. आपल्या संस्थेत 24 सदनिका असून चारचाकीसाठी 16 जागा आखलेल्या आहेत. माझ्या माहितीप्रमाणे 21 सदनिकाधारकांकडे चारचाकी असून सध्या 13 सदनिकांकडे या 16 जागा आहेत व 8 सदनिकांना जागा नाही. यात चूक असल्यास कृपया दुरुस्त करून कळवावे.

वाहने जागांपेक्षा जास्त असल्यास वाटप सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या पद्धतीने, सोडतीने व वार्षिक मुदतीने करावे, तसेच एकही जागा नसलेल्या सभासदाने मागणी केल्यास इतर सभासदाची अतिरिक्त जागा पुढे चालू ठेवू नये, अशी तरतूद संस्थेच्या उपविधी क्र. ... मध्ये आहे. असा नियम आपल्या सभेने यापूर्वी केला असल्यास त्या ठरावाची प्रत मिळावी. केला नसल्यास सोबत जोडलेला मसुदा सभेपुढे चर्चेस ठेवावा.

सभेपूर्वी पुढील माहिती सर्व सभासदांना नोटीस बोर्डावर मिळावी: मंजूर नकाशातील वाहनतळाचा भाग, प्रत्येक जागा सध्या कोणत्या सदनिकेकडे व कोणत्या आधारावर आहे, आणि त्यापोटी आकारले जाणारे शुल्क. ज्या सभासदांकडे वाहनतळाबाबत करार किंवा अन्य कागद आहेत त्यांनी त्याची प्रत संस्थेकडे द्यावी, म्हणजे सभेला त्याचा विचार करता येईल.

माझी मागणी कोणा एका सभासदाविरुद्ध नाही. सभा जो नियम करेल तो मलाही लागू राहील, त्यात माझी पाळी बाहेर राहण्याची आली तरी. उपविधीतील मुदतीत लेखी उत्तर मिळावे ही विनंती.”

पाळीचं ते वाक्य काढू नका. त्याच्यामुळे वाचणाऱ्याला कळतं की हा स्वतःसाठी आलेला नाही, आणि विरोधकाच्या हातातला एक मुद्दा जातो. “माझ्या माहितीप्रमाणे” आणि “चूक असल्यास दुरुस्त करावे” हे पण ठेवा. त्यांनी दुरुस्त केलं तर तुम्हाला अधिकृत यादी मिळाली, नाही केलं तर तुमचे आकडे रेकॉर्डवर तसेच राहिले.

जोडायचा मसुदा एका पानाचाच ठेवा, लांबला की सभेत एकेका शब्दावर तासभर जातो. त्यात मी हे घालीन. दरवर्षी 1 एप्रिलपासून वर्षासाठी वाटप, मार्चमध्ये अर्ज, अर्जासोबत आरसीची कॉपी आणि चालू इन्शुरन्स. गाडी सभासदाच्या नावावर किंवा त्याच्या कंपनीने, फर्मने त्याला दिलेली. इन्शुरन्स मागायचं कारण असं की कुलूप लावून पुण्याला गेलेल्या फ्लॅटवाल्याची चार वर्षं धूळ खात पडलेली गाडी जागा अडवून बसते, तिला चालू इन्शुरन्स नसतो आणि कुणाला तोंडाने वाईट बोलावं लागत नाही. भाडेकरूची गाडी असेल तर अर्ज सभासदाने करायचा, जागा त्या घराच्या एका हिश्श्यातच.

पहिल्या वर्षी 21 नावांच्या चिठ्ठ्या. ज्यांच्या पाच चिठ्ठ्या शेवटी राहतील ते त्या वर्षी बाहेर आणि तीच त्यांची वेटिंग लिस्ट, त्याच क्रमाने. मधे कुणी गाडी विकली किंवा जागा सोडली की यादीतला पहिला आत. पुढच्या वर्षी या पाच जणांना जागा नक्की, त्यांच्या चिठ्ठ्या बाहेर राहण्याच्या सोडतीत टाकायच्याच नाहीत, आणि सगळ्यांची एकेक पाळी होईपर्यंत त्यांना पुन्हा बाहेर काढायचं नाही. हे वाक्य मसुद्यात नसेल तर दरवर्षी नवी सोडत निघते आणि एखादं घर नशिबाने लागोपाठ तीन वर्षं बाहेर राहतं, मग तेच घर नियम मोडायला पुढे येतं. स्टिल्ट आणि उघड्या जागेचंही तसंच, एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावरच्या चार जागा कुणालाच नको असतात, म्हणून यावर्षी उघडी मिळाली त्याला पुढच्या वर्षी झाकलेली, आणि शुल्कात फरक, उदाहरणार्थ झाकलेल्याला महिना 200 आणि उघड्याला 100, आकडा सभेने ठरवायचा. शुल्क जागा घेतली की द्यायचं, गाडी लावा नाही तर लावू नका, बायलॉजमध्ये तसंच आहे.

दिव्यांग सभासद किंवा घरात चालता न येणारं माणूस असेल तर त्याची जागा लिफ्टजवळ, सोडतीच्या आधी, पण सर्टिफिकेट बघून आणि एकच. ही सवलत तोंडी ठेवली की पुढच्या वर्षी गुडघेदुखीवाले सहा जण निघतात. फ्लॅट विकला की जागा सोसायटीकडे परत, नव्या मालकाने अर्ज करायचा. हे लिहिलं नाही तर एजंट “विथ पार्किंग” म्हणून फ्लॅट विकून मोकळा होतो आणि नवा माणूस पैसे दिल्याची पावती घेऊन तुमच्याच सभेत उभा राहतो.

पत्र द्यायची पद्धत पण सांगतो, कारण चांगली पत्रं इथेच वाया जातात. दोन कॉप्या, एक द्यायची, दुसरीवर तारीख आणि सही-शिक्क्यासह पोहोच घ्यायची. सेक्रेटरी घेत नाहीत किंवा “व्हॉट्सॲपवर टाका की” म्हणतात तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि सोसायटीच्या ईमेलवर पण. ग्रुपवर पत्राचा फोटो आधी टाकू नका, तिथे रात्रीत शंभर मेसेज होतात आणि सभेला यायच्या आधीच माणसं बाजू घेऊन बसतात. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते आणि नोटीस 14 दिवस आधी निघते, म्हणजे तुमचं पत्र जुलैत किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला गेलं पाहिजे. ऐनवेळचे विषय म्हणून हात वर करून हा विषय काढू नका, नोटिशीत नसलेल्या विषयावरचा असा ठराव नंतर कुणीही आव्हान देऊन पाडू शकतो.

कमिटीने विषय घेतलाच नाही तर विशेष सभेची मागणी करता येते, त्याला एकूण सभासदांच्या एक पंचमांश सह्या लागतात. 24 चा पाचवा भाग 4.8, म्हणजे पाच सह्या, पण तुम्ही आठ-नऊ घ्या, कारण दोन-तीन बाद होतात. बाद कशा होतात तर फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असतो, शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव एकाचं आणि सही दुसऱ्याने केलेली, किंवा मुलाने केलेली. पहिल्या नावाच्या माणसाचीच सही घ्या. गाडी नसलेल्या त्या तीन घरांकडे पण जा, त्यांच्या दुचाक्यांना आखीव जागा मिळणार आहे, त्यांना विषयात रस आहे आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं. योग्य मागणी देऊनही महिनाभरात सभा बोलावली नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, सहकारी संस्था कायद्याच्या कलम 76 खाली ते सभा बोलावण्याची व्यवस्था करू शकतात.

तक्रारीचं उत्तर कमिटीने पुढच्या मीटिंगमध्ये निर्णय घेऊन त्यानंतर 15 दिवसांत द्यायचं असतं. नाही दिलं तर पुढे कुठे जायचं यात लोक चुकतात. कागद दाखवत नाहीत, ठरावाची प्रत देत नाहीत, सभा घेत नाहीत, हे उपनिबंधकांकडे. पण जागा अमक्याला चुकीची दिली, झालेला ठराव बेकायदेशीर आहे, हा पार्किंगचा मूळ वाद कलम 91 खाली सहकार न्यायालयात जातो. उपनिबंधक कार्यालयात महिनोन्महिने चकरा मारून शेवटी “हा आमचा विषय नाही” ऐकलेली माणसं मी पाहिलीयत. पोलिसात जाण्यासारखं तर यात काही नाही, कुणी गाडीची काच फोडली तर गोष्ट वेगळी.

सभेत ठराव लिहिताना कान उघडे ठेवा. चर्चा छान होते, सगळे माना डोलावतात आणि सेक्रेटरी मिनिट्समध्ये लिहितात “पार्किंगबाबत योग्य तो निर्णय घेण्याचे अधिकार कमिटीस देण्यात येतात”. झालं, तुम्ही जिथून निघालात तिथेच परत, वर आता सभेचा शिक्का पण बसला. म्हणून सूचक-अनुमोदक आधीच ठरवा, जमलं तर सूचक आठ बाहेरवाल्यांपैकी नको, एक-जागावाल्यांपैकी घ्या, आणि “सोबत जोडलेला मसुदा परिशिष्ट म्हणून मंजूर” हेच शब्द वाचून दाखवायला लावा. सोडत त्याच सभेत किंवा मार्चमध्ये सगळ्यांसमोर, चिठ्ठी उचलायला एखादं लहान पोर, निकाल रजिस्टरमध्ये लिहून तिथेच हजर असलेल्यांच्या सह्या. व्हॉट्सॲपवर ॲपने नंबर काढून टाकलेली सोडत कुणी मानत नाही, काढणाऱ्याने पाच वेळा काढून आवडलेला निकाल टाकला असं म्हणायला जागा राहते.

तुमची तीन दोन-जागावाली घरं काय करतील ते आत्ताच सांगतो. एखादा म्हणेल मी इतकी वर्षं शुल्क भरतोय. शुल्क वापराचं होतं, मालकीचं नाही, पावतीवर काय लिहिलंय तेवढं बघून घ्या. एखादा दुसरी गाडी बायकोच्या नावावर म्हणून दुसरा अर्ज देईल, तेव्हा मसुद्यात जागा सदनिकेमागे एक असं लिहिलेलं असलं पाहिजे, नुसतं सभासदामागे एक नको. आणि एखादा समजूतदार असेल, तो म्हणेल मला पुढच्या मार्चपर्यंत वेळ द्या, मी दुसरी गाडी विकतोय. त्याला वेळ द्या. मसुद्यातच लिहा की नियम पुढच्या 1 एप्रिलपासून लागू, म्हणजे सप्टेंबरच्या सभेनंतर सहा महिने सगळ्यांनाच मिळतात आणि आखणी, नंबर रंगवणं, भंगार काढणं हे पण तेवढ्यात उरकतं.